ताटलीच्या फोटोत काय पाहावे: द्राक्ष, दाणा आणि गाजर

«डॉक्टर, मी सांगलीत राहते आणि नोकरीसाठी रोज मिरजेला जाते. माझी मुलगी १९ महिन्यांची आहे आणि दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. दुपारी चारच्या खाऊची ताटली भरली की सासूबाई मला व्हॉट्सॲपवर तिचा फोटो पाठवतात. परवाचा फोटो सोबत जोडला आहे. त्यात द्राक्षे, भडंग, गाजर, बेदाणे, केळे आणि तिळगुळाचा लाडू आहे. सासूबाई निष्काळजी मुळीच नाहीत. त्या द्राक्षे मधोमध कापतात, दाणे सोलून त्यांच्या पाकळ्या करतात. तरीही परवा खाताना मुलीला जोराचा ठसका लागला आणि तेव्हापासून फोटो आला की माझ्या छातीत धडधडते. नुसता फोटो पाहून यातले काय अडकण्यासारखे आहे, हे मला कसे ओळखता येईल?
— एक आई, सांगली»

तुम्ही लिहिलेला परवाचा ठसका फोटोपेक्षा महत्त्वाचा आहे. म्हणून तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी मी तुम्हाला मुलीला जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे दाखवून आणण्यास कळवले होते. ठसका लागून थांबला आणि मूल पुन्हा खेळू लागले, तरी त्यामागची गोष्ट संपलेलीच असते असे नाही. ते का, हे दाण्यांबद्दल लिहिताना सांगेन. आधी फोटो पाहू.

ताटली स्टीलची आहे, कप्प्यांची आहे आणि फोटो बरोबर वरून काढलेला आहे. डाव्या कप्प्यात कापलेली द्राक्षे आहेत आणि त्यांच्या कडेला देठासकट दोन अख्खे मणी राहून गेले आहेत. मधल्या कप्प्यात भडंग आहे आणि त्याच्या लालसर चुरमुऱ्यांमध्ये दाण्यांच्या फिकट पाकळ्या स्पष्ट दिसतात. गाजराच्या गोल चकत्या आहेत, बेदाण्यांची छोटी रास आहे, केळ्याचे चार तुकडे आहेत आणि कडेला लाडू आहे. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात झोपाळ्याची कडी आणि मुलीचे एक पाऊल दिसते. म्हणजे ताटली झोपाळ्यावर ठेवलेली आहे आणि मूलही झोपाळ्यावरच आहे. ताटलीचा फोटो पाहताना माझी नजर पदार्थांइतकीच अशा कडेच्या गोष्टींकडे जाते.

घशात हवेचा आणि अन्नाचा मार्ग एका ठिकाणी शेजारी शेजारी येतो. गिळताना श्वासनलिकेवरचे झाकण मिटते आणि घास अन्ननलिकेत जातो. मूल हसले, रडले, दचकले किंवा त्याने एकदम श्वास आत ओढला, तर झाकण उघडे असतानाच घास तिकडे वळतो. मोठ्या माणसालाही असा ठसका लागतो, परंतु त्याची श्वासनलिका रुंद असते आणि खोकल्याला जोर असतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेची आतली रुंदी सहा-सात मिलिमीटरच्या आसपास असते. भूल देणारे डॉक्टर लहान मुलासाठी नळी निवडताना त्याच्या करंगळीच्या जाडीकडे पाहण्याचा जुना अंदाज वापरत आले आहेत. तुम्हीही आपल्या मुलीची करंगळी पाहून ठेवा, म्हणजे पुढचे सगळे त्या मापाने वाचता येईल.

दातांचा हिशोबही याच्याशी जोडलेला आहे. १९ महिन्यांच्या मुलाला बहुधा पुढचे आठ दात आलेले असतात आणि पहिल्या दाढा नुकत्याच आलेल्या किंवा येत असतात. मागच्या दाढा साधारण दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात. पुढच्या दातांनी तुकडा तोडता येतो, पण कडक पदार्थ दळून बारीक करायचा तर दाढा लागतात आणि त्या वापरण्याची सवयही लागते. त्यामुळे या वयाचे मूल गाजर चावताना दिसते, कुरुम आवाजही येतो, परंतु तोंडात चावलेले गाजर नसून तोडलेला तुकडा असतो.

आता द्राक्षे. सांगली-तासगावच्या माणसाला द्राक्षाच्या मण्याचे माप मी सांगावे असे नाही. बागायतदार मणी मिलिमीटरमध्येच मोजतात. बाहेरगावी पाठवण्याच्या मालात मण्याची जाडी सोळा-अठरा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असते, आणि मणी फुगावा म्हणून संजीवकांच्या द्रावणात घड बुडवण्याची पद्धत असल्यामुळे आपल्याकडचा चांगला मणी भरदारच असतो. असा मणी करंगळीएवढ्या नळीत उतरणारच नाही. तो तिच्या तोंडाशी, वरच्या अरुंद जागेत बसतो. त्याची साल ताणलेली आणि गुळगुळीत असते, आतला गर मऊ असल्यामुळे तो जागेप्रमाणे थोडा दबतो आणि बाटलीला बूच बसावे तसा घट्ट बसतो. कडक वस्तूच्या कडेने थोडी तरी हवा जाऊ शकते, पण इथे तेवढीही फट राहत नाही. खोकायला हवा लागते आणि हवाच जात नसल्यामुळे मुलाला आवाज काढता येत नाही. द्राक्षाच्या अपघातात आरडाओरडा होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. शेजारच्या खोलीत बसून «काही आवाज आला नाही, म्हणजे ठीक आहे» असे मानणारी आजी चूक करत नसते. तिला हे कोणी सांगितलेले नसते.

सासूबाई द्राक्षे मधोमध कापतात, असे तुम्ही लिहिले आहे. फोटोत कापलेल्या प्रत्येक तुकड्याचे तोंड गोल दिसते. यावरून काप आडवा दिलेला आहे हे कळते. आडव्या कापाने मण्याची लांबी निम्मी होते, मात्र जाडी तेवढीच राहते. अठरा मिलिमीटर जाडीच्या मण्याचा अर्धा तुकडाही अठरा मिलिमीटरच जाड असतो. बूच उंचीने कमी झाले, तरी तोंड झाकायला ते पुरते. काप उभा हवा. मणी देठाच्या बाजूपासून टोकापर्यंत चिरावा, मग दोन्ही अर्धांना पुन्हा उभे चिरावे, म्हणजे एका मण्याच्या चार लांबट फोडी होतात. फोटोत अशी फोड होडीच्या आकाराची दिसते. तिला धारदार कडा असतात आणि ती कुठे टेकली तरी तिच्या बाजूने हवा जायला वाट राहते. फोटो वरून काढलेला असला, तरी गोल तोंड आणि होडी यांतला फरक लांबूनही दिसतो, आणि तुमच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर आहे.

सोनाका किंवा माणिक चमन यांसारखे लांबट मणी पाहून «हे बारीक आहेत, कापायला नकोत» असे काही जण म्हणतात. त्या मण्यांनाही तोच काप द्यावा, कारण बूच होण्यासाठी लांबीचा संबंध नाही. बियांची द्राक्षे असतील तर बिया काढाव्यात. देठासकट राहिलेले दोन मणी मात्र मला सर्वांत जास्त खटकले. ते बहुधा शोभेसाठी किंवा सासूबाईंच्या स्वतःच्या तोंडात टाकण्यासाठी राहिले असतील, पण १९ महिन्यांचे मूल ताटलीतले आधी तेच उचलते, कारण ते तोडण्यात मजा असते. मुलाच्या ताटलीत न कापलेले द्राक्ष एकही असू नये.

दाण्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच असल्यामुळे मी इथे जरा थांबते. द्राक्ष कापले की धोका कमी होतो. दाण्याची पाकळी केली की तो कमी होत नाही. दाणा मुळातच लहान असल्यामुळे तो श्वासनलिकेच्या तोंडाशी न अडकता आत जाऊ शकतो, आणि सोललेली पाकळी तर सपाट, कडक, गुळगुळीत आणि करंगळीएवढ्या नळीत सहज उतरेल अशा मापाची असते. लहान मुलांच्या फुफ्फुसांतून दुर्बिणीने जे काढावे लागते, त्यात दाण्यांचे तुकडे आमच्या नेहमीच्या पाहण्यातले आहेत. सासूबाईंनी मायेने सोलून केलेली पाकळी म्हणजे त्या नळीच्या मापाचा तुकडा तयार करणे ठरते. हे त्यांना सांगताना तुम्ही दोष दिल्यासारखे बोलू नका, कारण द्राक्षाला लागू पडणारा नियम त्यांनी दाण्याला लावला एवढेच घडले आहे.

पाकळी आत गेली की काय होते, ते मी स्वतःच्या एका चुकीवरून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी २२ महिन्यांच्या एका मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. चार दिवसांपासून खोकला होता, छातीत घरघर होती, ताप नव्हता. थंडीचे दिवस होते आणि दवाखान्यात तशीच दहा मुले बसलेली होती. मी औषध दिले, वाफ द्यायला सांगितले. आठवड्याने तो पुन्हा आला, घरघर तशीच होती. छातीचा एक्स-रे काढला, त्यात विशेष काही दिसले नाही. दाणा एक्स-रेमध्ये नाण्यासारखा उठून दिसत नाही, आणि सुरुवातीला एक्स-रे अगदी चांगलाही येऊ शकतो. तिसऱ्या वेळी मुलाला त्याची आजी घेऊन आली. मी छाती तपासत असताना तिने सहज सांगितले की हे सगळे त्या दिवशी चुरमुरे खाताना ठसका लागला तेव्हापासून आहे. तेव्हा मी दोन्ही बाजू पुन्हा नीट ऐकल्या. उजव्या बाजूला श्वासाचा आवाज कमी येत होता आणि घरघर त्याच बाजूला जास्त होती. त्याच दिवशी मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवले, पूर्ण भूल देऊन दुर्बीण घातली गेली आणि उजव्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या नळीतून दाण्याची पाकळी निघाली. ओलाव्याने ती फुगली होती, आणि दाण्यातल्या तेलामुळे आजूबाजूला इतकी सूज आली होती की ती काढताना डॉक्टरांना बराच वेळ लागला. मुलगा बरा झाला. परंतु पहिल्या भेटीत «खोकला सुरू होण्याआधी खाताना ठसका लागला होता का?» हा प्रश्न मी विचारलाच नव्हता, आणि ज्या आजीने ठसका पाहिला होता, ती पहिल्या दोन वेळा आलेली नव्हती.

या प्रसंगात फसवणारी गोष्ट म्हणजे मधली शांतता. पाकळी आत जाताना मूल जोरात खोकते, कधी निळसर पडते. मग ती एका बाजूच्या नळीत जाऊन बसते, नळीला तिची सवय झाल्यासारखी होते आणि खोकला थांबतो; दुसरे फुफ्फुस काम करत असल्यामुळे मूल ठीक दिसते. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. काही तासांनी, काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनीही खोकला आणि घरघर सुरू होते, किंवा त्याच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. त्यामुळे दाणे, फुटाणे किंवा खोबऱ्याचा तुकडा तोंडात असताना जोराचा ठसका लागला असेल, आणि नंतर खोकला टिकून राहिला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला किंवा धाप लागली, तर ठसका कधी आणि काय खाताना लागला, हे डॉक्टरांना न विचारताच आधी सांगावे. आणि तो ज्याने पाहिला, त्याने दवाखान्यात सोबत जावे. मूल पूर्ण बरे दिसत असले, तरी दाण्याच्या ठसक्यानंतर एकदा छाती तपासून घेणे योग्यच आहे. तुम्हाला तातडीने कळवले ते याचसाठी.

याचा अर्थ मुलीला दाणे द्यायचेच नाहीत असा नाही, आणि दाणा घरातून हद्दपार करण्याची तर गरजच नाही. आपल्या स्वयंपाकघरात याचे उत्तर पिढ्यान्पिढ्या डब्यात भरलेले आहे, ते म्हणजे दाण्याचे कूट. ते मिक्सरमध्ये अगदी बारीक करावे आणि बारीक चाळणीतून चाळून घ्यावे, कारण खलबत्त्यातल्या भरड कुटात छोट्या पाकळीएवढे तुकडे राहतात. चाळलेले कूट दुधीच्या भाजीत, मऊ खिचडीत किंवा दह्यात कालवून द्यावे. कोरडे कूट चमच्याने तोंडात घालू नये, कारण कोरडी भुकटीही श्वासाबरोबर आत ओढली जाते. बाजारातले दाण्याचे लोणी देणार असाल तर पोळीवर पातळ थर लावावा. त्याचा चमचाभर गोळा टाळूला आणि घशाला चिकटतो. दाणा पहिल्यांदाच देत असाल तर अगदी थोडा द्यावा आणि अंगावर पुरळ, ओठांना सूज किंवा उलटी होते का ते पाहावे. तुमच्या मुलीने दाणे आधीच खाल्लेले असल्यामुळे तुम्हाला ही काळजी बहुधा लागणार नाही.

तेव्हा भडंगाचा कप्पा पुरताच बाजूला करा. त्यात दाणे असतात, डाळवे असते, कुरकुरीत तळलेला लसूण असतो, कढीपत्त्याची कडक पाने असतात आणि तिखट असते. तिखटाने मूल एकदम श्वास ओढते, आणि नेमके त्याच क्षणी तोंडात कडक कण असतात. भडंगातून दाणे वेचून देण्याचा उपाय मी सुचवत नाही, कारण चुरमुऱ्यांमध्ये फिकट पाकळी हमखास राहते; तुमच्या फोटोतच मला चुरमुऱ्यांमध्ये मिसळलेल्या अशा पाच दिसल्या. मुलीला चुरमुरेच आवडत असतील तर साधे चुरमुरे दुधात किंवा ताकात भिजवून मऊ करावेत. मोठ्यांसाठीचे भडंग त्याच ताटलीत आणि त्याच झोपाळ्यावर नको. घरात मोठी भावंडे असतील तर त्यांच्या हातातूनही दाणा येतो, तेही धरून चालावे.

गाजर हे या दोघांच्या मधले आहे. चकती गोल आहे म्हणून ती द्राक्षासारखी तोंडाशी बसू शकते, आणि मुलाने तोडलेला तुकडा दाण्यासारखा आतही जाऊ शकतो. काही आया चकतीऐवजी लांब दांडा हातात देतात. त्याने काहीच साधत नाही, कारण पुढचे दात दांड्याचा तुकडा तोडतातच. कच्चे गाजर द्यायचे तर ते किसून द्यावे, आणि तुकडे द्यायचे तर वाफवून. किती वाफवायचे याला घड्याळ नको, चिमूट पुरते. तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून हलके दाबावा. तो चिरडला तर मुलाच्या हिरड्याही तो चिरडतील. तो घसरला किंवा तसाच राहिला तर पुन्हा वाफेवर ठेवावा. कच्चे सफरचंद, कडक पेरू, खोबऱ्याचा तुकडा, काकडीची जाड फोड, गुळाचा खडा, चिक्की हे सगळे याच चिमटीत ओळखता येते. त्यांतले काही वाफवता येते, काही किसता येते, आणि चिक्की व खडीसाखर यांना मात्र या वयात काही उपाय नाही. तुकड्यांचे माप साधारण एक सेंटिमीटरच्या आत ठेवावे. मऊ पदार्थालाही हे माप लावावे, कारण मूल दोन-तीन तुकडे एकदम तोंडात कोंबते.

बेदाणे मऊ दिसतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही. आपल्या जिल्ह्यात ते घरोघरी असतात आणि रडणाऱ्या मुलाच्या मुठीत पटकन दिले जातात. कोरडा बेदाणा चिवट आणि चिकट असतो. मूल तो गालात साठवते आणि दहा मिनिटांनी पळताना तो निसटतो. तीन-चार तास भिजवून, बारीक चिरून किंवा कुस्करून शिऱ्यात वा खिरीत घालावा. केळे ठीक आहे.

राहिला लाडू, आणि इथे फोटोची मर्यादा सुरू होते. फोटोत तो एक तपकिरी, गोल, निरुपद्रवी गोळा दिसतो. परंतु आपल्याकडे तिळगुळाच्या लाडवात तिळाबरोबर भाजलेले दाणे, डाळवे आणि खोबऱ्याचे तुकडे घालण्याची पद्धत आहे, आणि पाक पक्का झाला असेल तर लाडू दगडासारखा असतो. यातले काहीही वरून दिसत नाही. म्हणून गोळा, वडी, चिवडा, पोळीची सुरळी अशा झाकलेल्या पदार्थाचा फोटो फोडूनच काढायला सांगावे. सासूबाईंनी लाडू हाताने फोडावा. तो सहज फुटला नाही तर तिथेच निकाल लागला, आणि फुटला तर आतले दाणे दिसतील. संक्रांतीच्या दिवसांतच बोरन्हाण होते. त्या दिवशी बोरे, हलवा, उसाचे करवे, चुरमुरे आणि गोळ्या मुलाच्या डोक्यावरून ओततात आणि खाली बसलेली सगळी लहान मुले ते वेचतात. सोहळा जरूर करा, पण तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वरून ओतण्यात फुलांच्या पाकळ्या किंवा कागदी फुलपाखरांसारखे काहीतरी ठेवा, आणि बोरे-हलवा-उसाचे करवे ताटात वेगळे ठेवून मोठ्यांना वाटा. आठळीसकट बोर या वयाच्या मुलाच्या तोंडात जाता कामा नये.

फोटोत मापही कळत नाही. ताटली लहान असली की तुकडे मोठे दिसतात, परात असली की तेच छोटे दिसतात. तेव्हा सासूबाईंना फोटोत आपले बोट तुकड्यांशेजारी ठेवायला सांगा. तुम्हाला त्यांच्या बोटाची जाडी ठाऊक आहे आणि त्याच्या अंदाजाने तुकडा समजेल. कडकपणा तर कोणत्याच फोटोत उमटत नाही. वाफवलेले गाजर आणि कच्चे गाजर यांचा रंग सारखाच दिसू शकतो. यासाठी मी एका आजीला सांगितलेली युक्ती त्यांनी पुढे अनेकींना शिकवली आहे: ताटलीच्या फोटोऐवजी एक तुकडा चिमटीत चिरडून त्याचा फोटो पाठवायचा. चिरडलेला तुकडा दिसला की विषय संपला.

आणखी एक गोष्ट मला स्पष्ट लिहायला हवी. तुम्ही कामात असता, फोटो येतो, तुम्ही तो दहा मिनिटांनी उघडता, आणि तोपर्यंत मूल खाऊ लागलेले असते. फोटो पाहून तुमची भीती वाढेल किंवा कमी होईल, पण ताटली त्याने बदलणार नाही. ती बदलायची तर विळीपाशी, म्हणजे कापतानाच. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंबरोबर बसून एक द्राक्ष आडवे आणि एक उभे कापा, दोन्ही तुकडे मुलीच्या करंगळीशेजारी ठेवा, एक दाण्याची पाकळीही ठेवा. मी दवाखान्यात हेच करते आणि त्यानंतर मला फार बोलावे लागत नाही.

झोपाळ्याबद्दल थोडक्यात सांगते. खाताना मूल जमिनीवर पाटावर किंवा खुर्चीत ताठ बसलेले असावे, समोर एक मोठे माणूस असावे. झोपाळा हलला की मूल हसते, मागे कलते आणि श्वास ओढते. पळताना, आडवे पडून, गाडीत किंवा रडत असताना खाऊ देऊ नये.

शेवटी, अडकलेच तर काय करायचे, ते सासूबाईंना तोंडपाठ हवे. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, आवाज निघत असेल, तर त्याला खोकू द्यावे आणि शेजारी थांबावे; पाठीत मारू नये, पाणी पाजू नये. खोकला दुबळा झाला, आवाज बंद झाला, श्वास घेता येत नसेल किंवा ओठ निळे पडू लागले, तर लगेच हालचाल करावी. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून, छातीला एका हाताचा आधार देऊन, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा माराव्यात. निघाले नाही तर मागे गुडघे टेकून बसावे, मूठ बेंबीच्या थोडी वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवावी, दुसऱ्या हाताने ती पकडावी आणि आत व वरच्या दिशेने ५ झटके द्यावेत. पुन्हा ५ थापा, पुन्हा ५ झटके, वस्तू निघेपर्यंत किंवा मूल शुद्ध हरपेपर्यंत हेच चालू ठेवावे. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके देत नाहीत. थापांनंतर छातीच्या मध्यभागी दाब देतात. तोंडात न दिसणारी वस्तू बोटाने शोधू नये, कारण बोटाने बूच अधिक आत जाते. पाय धरून उलटे टांगू नये. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. मूल निपचित झाले तर त्याला जमिनीवर ठेवून छाती दाबण्यास सुरुवात करावी. हे शिकायला एखाद्या प्रशिक्षणात एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे लागते, वाचून येत नाही. पोटावर झटके दिलेल्या मुलाला वस्तू निघाली तरी डॉक्टरांना दाखवावे.

तुमच्या ताटलीत उद्या काय बदलेल तेवढे लिहून थांबते. द्राक्षे उभी चिरून चार फोडी, देठावर एकही मणी नाही. भडंगाच्या जागी ताकात भिजवलेले चुरमुरे. गाजर वाफवून, चिमटीत चिरडून पाहिलेले. बेदाणे भिजवून चिरलेले. केळे आहे तसे. लाडवाच्या जागी चाळलेले कूट आणि गूळ घातलेली मऊ पोळी, दुधात कुस्करून. अख्खे दाणे, फुटाणे आणि लाह्या चार-पाच वर्षांपर्यंत थांबतील, आणि द्राक्षाच्या चार फोडीही पाच वर्षांपर्यंत चालू ठेवाव्यात.